प्रकाराची ओळ

आमच्या सरांनी माझ्या टिपणांमधली एक ओळ काढून टाकली. एका टिपणातली नव्हे, सगळ्या टिपणांमधली, सरसकट, आणि तीही मी समोर बसलेली असताना. त्या ओळीपायी माझ्या सख्ख्या आत्याला भरल्या सभेत, अंगावर शाल असताना, जे ती कधी बोललीच नाही ते स्वतःच्या नावावर ऐकावं लागलं. आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. भेटणारे म्हणतात, जाऊ दे आता, झालं ते झालं. मी जाऊ देणाऱ्यांतली नाही, आणि यातला थोडा राग कुणावर काढायचा हेही मला बरेच दिवस कळत नव्हतं.

मी बारामतीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. सोबत पीएचडी चालू आहे. विषय इंदापूर तालुक्यातल्या पाणवठ्यांचा: कोणत्या गावात कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, कुणाला भरू देत नव्हते, आणि ते कधी आणि कसं बदललं. विषय मी निवडला असं म्हणते खरं, पण आमच्या घरात वाढलेल्या मुलीला तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमचं गाव वालचंदनगरच्या पलीकडं. आमच्या वस्तीत एक विहीर आहे, ती वस्तीनं स्वतः खणली. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांत. आत्या तेव्हा दहा-बारा वर्षांची होती आणि ती टोपलीनं माती वाहत होती. तिला दिली गावातल्या गावातच, त्यामुळं विहीर आणि ती एकमेकींच्या नजरेसमोरच म्हाताऱ्या झाल्या.

पीएचडी करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळतं ते कोरं पान. सहा महिने वाचायचं, गावं पालथी घालायची, ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांची धूळ खायची, आणि लिहायला बसलं की डोक्यात नुसता गोंगाट. अमुक वाक्य कुठल्या पुस्तकात होतं? पान कुठलं? हे त्या बाई बोलल्या होत्या की मी कुठं वाचलं? पहिल्या वर्षी मी या प्रश्नांपायी इतकी रडकुंडीला आले होते की एक दिवस वह्या फेकून दिल्या आणि स्टेशनरीच्या दुकानातून तीन रंगांची कार्डं आणली. पांढऱ्या कार्डावर उतारा, म्हणजे कुणाचे तरी शब्द, जसेच्या तसे, काना-मात्रा न बदलता. पिवळ्यावर सारांश, म्हणजे म्हणणं दुसऱ्याचं पण शब्द माझे. गुलाबीवर विचार, म्हणजे माझं स्वतःचं डोकं. एका कार्डावर एकच गोष्ट. प्रत्येकावर स्रोत आणि पान, मुलाखत असेल तर रेकॉर्डिंगमधलं मिनिट. बुटांच्या खोक्यात ती विषयवार उभी करून ठेवायची.

खोकी चार झाली तेव्हा मी सगळं संगणकावर आणलं. एक टिपण म्हणजे एक छोटी फाइल. वर चार ओळी: प्रकार, स्रोत, पान किंवा वेळ, विषय. खाली मजकूर, आणि त्याच्याशी नातं असलेल्या दुसऱ्या टिपणांचे दुवे. स्रोतांची यादी वेगळी, त्यात पुस्तकाचा सगळा तपशील एकदाच भरायचा आणि टिपणात फक्त त्याची खूण घालायची. ‘विहीर’ हा विषय मागितला की त्यावरची सगळी टिपणं समोर येतात. ती हवी त्या क्रमानं लावायची, एका फाइलीत ओतायची, की प्रकरणाचा सांगाडा उभा. मग फक्त सांधे जोडत लिहीत जायचं. संदर्भसूची खुणांवरून आपोआप तयार होते. कार्डांचे रंग गेले, पण त्यांचं काम वरची पहिली ओळ करत होती. ‘प्रकार: उतारा.’ ‘प्रकार: विचार.’ एवढीशी ओळ. उघडल्या उघडल्या कळायचं की आता कोण बोलतंय.

माझी आणखी एक सवय होती, ती इथं सांगायलाच पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच अडलं. एखादं माणूस बोलतं त्याच्या आत काय चाललं असेल हे मला कळेनासं झालं की मी त्याच्या तोंडून लिहून बघायचे. ‘मी अशी, मी तशी’ करत, जणू मीच ती बाई. त्यातून मला अंदाज सुचायचे, पुढच्या मुलाखतीचे प्रश्न सुचायचे. गुलाबी कार्डावर ते निर्धोक होतं. गुलाबी आहे म्हणजे ते माझं आहे, यात शंकेला जागाच नव्हती.

सरांनी सुरुवातीला या सगळ्याची टिंगल केली. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, विभागप्रमुख, भाषणाला उभे राहिले की खाली बसायचं विसरणारे. माझ्या खोक्यांना ते रंगपेटी म्हणत. संशोधन डोक्यात असतं, डब्यात नसतं, हे त्यांनी मला किमान दहा वेळा ऐकवलं असेल. मग मी तिसरं प्रकरण पंधरा दिवसांत लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं, तळटिपांसकट. सरांनी दोनदा उलटून पाहिलं, एकही संदर्भ सापडत नाही असं झालं नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात रंगपेटी हा शब्द बंद झाला. आता ते तिला ‘आपल्या विभागाची पद्धत’ म्हणू लागले.

आपल्या. माझ्या नव्हे. तिथंच मला चिडायला हवं होतं.

सरांकडं आम्ही पाचजण पीएचडी करत होतो. त्यांनी फर्मान काढलं की पाचही जणांची टिपणं एका सामायिक फोल्डरात यायला हवीत, म्हणजे विभागाचा एक साठा होईल आणि कुणालाही लेख लिहायचा तर शून्यापासून सुरुवात नको. कल्पना वाईट नव्हती, हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागतं. मी चौघांना पद्धत शिकवली, चार ओळींचा साचा बनवून दिला, कुठं कुणी सारांशाला उतारा म्हटलं असेल ते कान धरून दुरुस्त करून घेतलं. साठा झाला. चांगला झाला. सर मात्र पडद्यावर वाचत नाहीत. त्यांना सगळं कागदावर लागतं, आणि कागदावर प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर त्या चार ओळी यायच्या.

एका दुपारी त्यांनी मला आणि संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापील टिपणांचा गठ्ठा. हे काय आहे, म्हणाले, वाचायला घेतलं की आधी सरकारी फॉर्मसारख्या ओळी. स्रोत ठेवा, विषय ठेवा, बाकी दोन काढून टाका. प्रकार काढा, वेळ काढा. तो सहकारी म्हणाला, सर, दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्या फाइलींत एकदम निघेल. मी म्हणाले, सर, प्रकार राहू दे, नाहीतर कोण बोलतंय ते कळणार नाही. सर हसले. इतकी वर्षं वाचतोय, म्हणाले, कोण बोलतंय तेवढं मला कळतं.

यावर मी काय करायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. सांगायला हवं होतं की सर, तुम्हाला नाही कळणार, कारण त्यात मी दुसऱ्यांच्या तोंडून लिहिलेलं आहे. मी नुसती मान डोलावली. माझ्या लॅपटॉपवर जुनी प्रत तशीच आहे, मला काय फरक पडतो, असा हिशेब मनात केला. शिवाय प्रबंधावर सही त्यांची लागणार होती. दोन मिनिटांत पाचजणांच्या सगळ्या टिपणांवरच्या त्या दोन्ही ओळी गेल्या आणि चहा आला.

पुढं सहा महिन्यांनी विभागाचं पुस्तक निघायचं ठरलं. तालुक्याच्या सामाजिक इतिहासावरचे लेख, संपादक सर, पहिला आणि सगळ्यात मोठा लेख सरांचा, पाणवठ्यांवर. माझ्याच विषयावर. त्यांनी तो साठ्यातून तीन आठवड्यांत लिहिला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले की आपल्या पद्धतीमुळं किती झरझर झालं. प्रस्तावनेत माझे आभार होते, ‘संकलन साहाय्य’ म्हणून. तेवढ्यावरून मी घरी दोन दिवस भांडी आपटली. लेख मी छापायच्या आधी वाचायला मागितला, तर म्हणाले, आता प्रकाशनालाच वाचा.

प्रकाशनाला त्यांनी आत्याला बोलावलं. ज्यांनी इतिहास घडवला त्यांचा सत्कार, असं पत्रिकेत होतं. आत्याला मीच आणलं. ती पांढरी साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन व्यासपीठावर बसली. जयभीम करून तिनं शाल घेतली, गुच्छ घेतला, आणि तो कुठं ठेवायचा ते न कळून मांडीवर धरून बसली. मला तेव्हा खरंच अभिमान वाटत होता. आपल्या कामानं आपलं माणूस तिथं बसलंय, असं वाटत होतं.

सर बोलायला उभे राहिले. पाणवठ्यांचं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, आता या माउलीचेच शब्द तुम्हाला वाचून दाखवतो, या एका वाक्यात सगळा इतिहास आहे. आणि त्यांनी वाचलं: ‘लोकांना मी सांगते की आम्ही आमची विहीर खणली. खरं तर गावच्या आडापुढं पाण्यासाठी तिष्ठत उभं राहण्याची लाज मला आजही झोपू देत नाही. विहिरीची गोष्ट मी त्या लाजेवर झाकण म्हणून ठेवली आहे.’

ते वाक्य मी ओळखलं. ते मीच लिहिलं होतं, मुलाखतीनंतर एसटीत बसून, वालचंदनगरच्या स्टँडवर गाडी थांबली होती तेव्हा. आत्या इतकी ठाम बोलली, एकदाही रडली नाही, याचं मला कोडं पडलं होतं. म्हणून तिच्या तोंडून लिहून बघितलं. प्रकार: विचार. स्रोताच्या ओळीत आत्याच्या मुलाखतीची खूण होती, कारण विचार त्या मुलाखतीवरून सुचला होता. वरची ओळ गेल्यावर राहिली फक्त ती खूण. वाचणाऱ्याला वाटणार, हे तिचंच बोलणं. सगळ्यांच्या बोलण्याला सर छापताना प्रमाण भाषेचं इस्त्रीचं कापड चढवतातच, त्यामुळं ते वाक्य आत्याच्या तोंडचं वाटत नाही ही शंकासुद्धा त्यांना आली नाही.

सभागृहात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या. आत्यानं गुच्छ टेबलावर ठेवला आणि शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि टाळ्या वाजवत राहिला. मग ती सरांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, “ह्ये मी म्हणलेलं न्हाय.” माइक तिच्यासमोर नव्हता. पहिल्या तीन रांगांनी ऐकलं असेल. सर तिच्याकडं बघून हात जोडून हसले आणि पुढचं वाचू लागले. आत्यानं मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. मी उठून उभं राहायला हवं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसून राहिले. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मी आत्याला गाडीनं गावी परत नेलं. तिच्या दारात उतरल्यावर शाल माझ्या हातात दिली आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी गावातून फोन यायला लागले. पुस्तकाची दोन पानं कुणीतरी मोबाइलवर फिरवली होती. वस्तीतल्या बायका आत्याला विचारत होत्या, तुला लाज वाटत हुती व्हय गं? पलीकडच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला म्हणे, बघा, शेवटाला खरं बोलली. जिनं आयुष्यभर ताठ मानेनं सांगितलं की आमी कुणाच्या तोंडाकडं बघितलं न्हाय, तिचं बोलणं छापील कागदावर खोटं पडलं होतं. आणि छापील कागदापुढं ऐंशी वर्षांच्या बाईचं तोंडी सांगणं कोण ऐकतंय?

मी सरांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा दार ढकललं की आपटलं ते आठवत नाही. मी म्हणाले, हे वाक्य मुलाखतीत नाही, छापील प्रतींत दुरुस्ती चिकटवा आणि तसं जाहीर करा. सरांनी आधी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, वय झालंय त्यांचं, बोलल्या असतील, विसरल्या असतील, अशा गोष्टी माणूस नंतर नाकारतो. मी रेकॉर्डिंग लावलं. अठ्ठेचाळीस मिनिटांचं. त्यांनी चार मिनिटं ऐकलं आणि घड्याळ पाहिलं. मी पुढं सारून बाविसावं मिनिट लावलं. आत्याचा आवाज केबिनमध्ये घुमला, “पाणी कुणी देत न्हवतं, मग आमी बी कुणाच्या तोंडाकडं बगितलं न्हाय. आमची हीर आमी खणली. पाणी ग्वाड लागलं.” हे तिचे शब्द, म्हणाले मी. तुमचं वाक्य यात कुठंय ते दाखवा.

मग मी माझी जुनी प्रत उघडली आणि ते टिपण त्यांच्यापुढं धरलं. वरची ओळ जागेवर होती. सरांनी चष्मा वर करून ती वाचली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा सैल झाला. अपराध सापडल्यावर माणसाचा चेहरा असा होत नाही. सुटका झाल्यावर होतो.

“म्हणजे हे वाक्य तुमचं,” सर म्हणाले. “मुलाखत तुमची, टिपण तुमचं, वाक्य तुमचं. मग मी काय केलं?”

मी म्हणाले, तुम्ही ओळ काढायला लावलीत. ते म्हणाले, तुम्ही समोर होतात, नको म्हणाला असतात तर काढली नसती. मी म्हणाले, मी म्हणाले होते. ते म्हणाले, मला नाही आठवत. आणि मग अगदी शांतपणे, माझ्या भल्याचं सांगितल्यासारखं त्यांनी समजावलं: लेखी देऊ नका. दिलंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, की तुम्ही साक्षीदारांच्या नावावर वाक्यं रचता का. मग तुमच्या बाकीच्या मुलाखतींवर कोण विश्वास ठेवणार? प्रबंध शेवटाला आलाय, सांभाळा. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढता येते.

मी चिडून जिना उतरले. आणि चिडण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्यांच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं. चोर पकडायला गेल्यावर आपल्याच खिशात माल सापडावा तसं झालं. त्यांनी ओळ काढली, त्यांनी न विचारता छापलं, त्यांनी एका जिवंत बाईचं तिच्यासमोर म्हटलेलं ‘न्हाय’ हसून टाळलं. याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही. पण वाक्य माझंच होतं, आणि ते दुसऱ्या कुणी आत्याच्या तोंडी घातलेलं नव्हतं. छापखान्याच्या कितीतरी आधी, एसटीच्या खिडकीत बसून, मीच घातलं होतं.

पत्र लिहायला मला एक सकाळ लागली. प्रकाशकाला, कॉलेजला आणि विद्यापीठाला, एकच मजकूर. अमुक पानावरचं वाक्य मुलाखत देणाऱ्या बाईंचं नाही. ते माझ्या टिपणातलं माझं अनुमान आहे. सामायिक साठ्यातून टिपणाचा प्रकार सांगणारी ओळ काढल्यामुळं ते उतारा म्हणून वापरलं गेलं. ओळ काढताना मी हजर होते आणि पुरेसा विरोध केला नाही. सोबत मूळ टिपण आणि बाविसाव्या मिनिटाचे शब्द जोडले. ‘पुरेसा’ हा शब्द तीनदा खोडला आणि तीनदा परत लिहिला. पत्रं पोस्टात टाकली आणि मार्गदर्शक बदलून मिळण्याचा अर्ज दिला. त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. विभागात आता माझ्याशी बोलताना लोक दाराकडं बघतात.

मग मी आत्याकडं गेले. सकाळची वेळ होती, ती गोठ्यापुढं बसून जनावरांसाठी कडबा तोडत होती. मी पत्राची प्रत तिला सगळी वाचून दाखवली. तिनं कोयता बाजूला ठेवून ऐकली. मला वाटलं होतं, ऐकल्यावर तिचा राग सरांवर जाईल. मी तशी तयारीसुद्धा केली होती, सरांना काय काय बोलायचं त्याची. खरं सांगायचं तर तिनं त्यांना शिव्या घालाव्यात म्हणूनही मी आले होते.

“छापलं त्यानं,” आत्या म्हणाली. “पर वाटलं तुला.”

मी सांगायला लागले की ते तसं नाही, ती आमची एक पद्धत असते, अंदाज बांधायची. तिनं हात वर करून थांबवलं.

“तू हितं, ह्या जागंला बसून माजं बोलणं घेतलं. मी म्हणलेलं सगळं मला वाचून बी दावलं. मग ह्ये का न्हाय दावलं?”

मुलाखत झाली की उतारे माणसाला वाचून दाखवायचे, हा माझा नियम होता, आणि मला त्याचा फार गर्व होता. पांढरी कार्डं मी सगळ्यांना वाचून दाखवली. गुलाबी एकालाही नाही. ती माझी, म्हणून माझ्याजवळ. त्यांच्याबद्दल मी काय ठरवलंय ते त्यांना सांगायची गरज मला कधी वाटली नाही. सरांनी जे पुस्तकात केलं ते मी खोक्यात करत होते, एवढाच फरक.

आत्यानं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, लाज म्हणतीस. आडापुढं उभं राहायचो तेव्हा राग यायचा, लाज त्यांची. आणि मग, मी कधीच न विचारलेलं, ती सांगायला लागली. खणताना ती आणि तिच्या दोन मैत्रिणी टोपल्या वाहत होत्या. तिसऱ्या दिवशी एकीचा पाय घसरून ती मातीच्या ढिगावरून बसल्या बसल्या खाली आली, आणि मोठी माणसं खणायची थांबून हसायला लागली. मग रोज कुणीतरी मुद्दाम घसरायचं. पाणी लागलं त्या दिवशी कुणी भाषण केलं नाही, रडलं नाही. सगळी त्या चिखलात घसरत होती.

“आमी हसत हुतो,” ती म्हणाली. “तुमच्या वहीत हसणं कुठंच न्हाय.”

मी फोन काढला आणि विचारलं, हे घेऊ का. ती म्हणाली, घे. तिनं सगळं परत सांगितलं. मी तिथंच बसून टिपण केलं आणि वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी तीन मैत्रिणी लिहिल्या होत्या, ते तिनं दोन करायला लावलं. वर ओळ घातली, प्रकार: उतारा. पाचवं मिनिट. मग मी ते जुनं टिपण उघडलं, तिला वाचून दाखवलं, आणि म्हणाले, हे पुसून टाकते आता.

“पुसू नगं,” आत्या म्हणाली. “तुला वाटलं हुतं त्ये ऱ्हाऊ दे. फकस्त कुणाला वाटलं त्ये ल्ही वर.”

ते टिपण आजही माझ्याकडं आहे. प्रकाराच्या ओळीत ‘विचार’ आहे, आणि त्यापुढं माझं पूर्ण नाव, आडनावासकट. खाली मी एक ओळ जोडली आहे, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विचाराच्या टिपणाखाली तशा ओळीसाठी जागा ठेवते. या टिपणाखाली लिहिलंय: आत्याला वाचून दाखवलं. ती नाही म्हणाली.